नऊ शब्दांचा दुखवटा

1982 च्या जूनमध्ये गावाकडून तार आली, "तात्या वारले." मी तेव्हा घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहायचो, कारखान्यात कामाला. तात्या आमचे शेजारचे. मातीला काही मी पोचणार नव्हतो. म्हणून रात्री कंदिलाजवळ बसून तात्यांच्या थोरल्याला चार परिच्छेदांचं सांत्वनपत्र लिहिलं.

सकाळी शेजारच्या खोलीतल्या अण्णांना दाखवलं. अण्णा तार ऑफिसात नोकरीला. म्हणाले, "पत्राला चार दिवस लागतील. तार कर. पण तारेला शब्दागणिक पैसे पडतात, तेव्हा आधी कापून घे."

पहिला परिच्छेद 'जन्ममरण कुणाच्या हाती नाही' असा होता. अण्णा म्हणाले, "हे कुणाच्याही मयताला चालतं. काढ." दुसऱ्यात तात्या प्रेमळ, कष्टाळू, परोपकारी असं सगळं. अण्णांनी विचारलं, "तुझ्यासाठी त्यांनी काय केलं?" मी म्हटलं, "दहावी झाल्यावर नांगर धरायला शिकवला. आमचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले." ते म्हणाले, "मग एवढंच ठेव."

तिसऱ्यात रजा मिळत नाही म्हणून माझंच रडगाणं. ज्याचा बाप गेलाय, त्यानं ते कशाला वाचायचं? त्याच्या जागी 'दहाव्याला येतो' आलं. चौथ्यात 'काही लागलं तर कळवा' होतं. अण्णा हसले. "दुःखातल्या माणसानं तुला काम शोधून द्यायचं का? तूच सांग, काय करशील?" जून होता, पाऊस तोंडावर आलेला. मी लिहिलं, "पेरणी मी करीन."

शेवटी उरलं ते असं: "तात्यांनी नांगर धरायला शिकवलं. दहाव्याला येतो. पेरणी मी करीन."

आणखी कापता आलं असतं. नुसतं 'दुःख झालं' एवढंही पुरलं असतं, पैसेही वाचले असते. पण अण्णांनी तिथं हात आखडला. दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांना तारेत तयार वाक्यं असायची. त्यांना नंबर असत, नुसता नंबर सांगितला की काम व्हायचं. ते म्हणाले, "तुझा दुखवटा असा नंबर लावण्याजोगा झाला, की समज जास्त कापलास."

दहाव्याला गेलो. पिंडाला कावळा शिवला, मग दोन दिवस तात्यांच्याच पाभरीनं बाजरी पेरली. थोरल्यानं तार टोपीत घडी करून ठेवली होती. म्हणाला, "आईला तीनदा वाचून दाखवली. पेरणीचं ऐकलं, तेव्हा कुठं ती जेवली."

2013 च्या जुलैत सरकारनं तार बंद केली. आता मोबाईलवर लिहायला पैसे पडत नाहीत, तरी कुणी गेलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच एकाखाली एक येत राहतं. मी अजून आधी मोठं लिहितो आणि मग कापत बसतो. गेलेल्याची एक खरी आठवण आणि माझ्या हातून होणारं एक काम, एवढं मात्र ठेवतो.