पांढऱ्या रक्ताचे चार आजार

मार्च १८४५. एडिंबरोमध्ये छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरश्या बसवणारा २८ वर्षांचा एक कारागीर मरण पावला. वीस महिन्यांपूर्वी त्याला थकवा जाणवू लागला होता आणि पोटाच्या डाव्या बाजूला गाठ वाढत होती. शवविच्छेदनात ती गाठ म्हणजे प्रचंड सुजलेली प्लीहा निघाली. रक्तात रंगहीन पेशींची गर्दी होती. डॉ. जॉन ह्यूज बेनेट यांनी निष्कर्ष काढला की रक्तात पू झाला आहे. पण पू होईल अशी जखम किंवा गळू शरीरात कुठेच सापडत नव्हते.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये तरुण रुडॉल्फ विर्शो यांनी तसेच रक्त पाहिले. त्यांचे म्हणणे असे, की हा पू नाही. या रक्तात नेहमीच असणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत, फक्त लाल पेशींच्या तुलनेत त्यांचे प्रमाण फार वाढले आहे. १८४७ मध्ये त्यांनी या आजाराला नाव दिले ल्युकेमिया, म्हणजे ‘पांढरे रक्त’.

नाव एक झाले, पण आजार एक नव्हता. काही रुग्णांत प्लीहा सुजे, तर काहींत मानेतल्या, काखेतल्या लसिका ग्रंथी. विर्शो यांनी यावरून दोन प्रकार केले. १८५७ मध्ये निकोलाउस फ्रीडराइश यांनी एक वेगळाच रुग्ण नोंदवला: त्याचा आजार वर्षानुवर्षे चालला नाही, काही आठवड्यांतच संपला. म्हणजे आता दोन प्रश्न उभे राहिले. या पेशी कुठल्या घराण्यातल्या? आणि आजार कधी धावतो, कधी रेंगाळतो, असे का?

पहिल्या प्रश्नाची वाट अर्न्स्ट नॉइमान यांनी दाखवली. १८६८ मध्ये त्यांनी रक्तपेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होतात असे मांडले आणि पुढे ल्युकेमियाच्या रुग्णाची मज्जाही बिघडलेली असते हे दाखवले. मज्जेला ग्रीकमध्ये ‘मायलॉस’ म्हणतात, त्यावरून ‘मायलॉइड’ हा शब्द आला. नंतर पॉल एर्लिश यांनी कापडाला देण्याच्या कृत्रिम रंगांनी रक्तपेशी रंगवल्या. तेव्हा काही पांढऱ्या पेशींत रंगीत कण उठून दिसले. हे कण मायलॉइड घराण्याची मोठी खूण ठरले. लिंफॉइड घराण्यातल्या, म्हणजे लिंफोसाइट पेशींत असे कण सहसा नसतात. गोल केंद्रक पेशीचा बहुतेक भाग व्यापते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या वयात होते. मज्जेत पेशी ‘ब्लास्ट’ या बाल्यावस्थेतून टप्प्याटप्प्याने प्रौढ होतात. तीव्र ल्युकेमियात त्या ब्लास्टपाशीच अडकतात: काम येत नाही, पण संख्या वाढत राहते. मज्जेत जागा उरत नाही, म्हणून लाल पेशी कमी होऊन माणूस पांढराफटक पडतो, रक्तबिंबिका कमी होऊन हिरड्यांतून रक्त येते, आणि निरोगी पांढऱ्या पेशींअभावी संसर्ग होतो. काही वेळा ब्लास्ट मज्जेतच राहतात आणि रक्तातली पांढऱ्या पेशींची संख्या कमीच भरते. तेव्हा ‘पांढरे रक्त’ हे नाव फसवते. नुसत्या गणनेवर न थांबता मज्जा तपासावी लागते.

दीर्घकालीन प्रकारात पेशी प्रौढ होतात, पण थांबत नाहीत. मायलॉइड असेल तर कोवळ्यापासून प्रौढापर्यंत सगळ्या टप्प्यांच्या कणयुक्त पेशी रक्तात दिसतात. निरोगी माणसात घन मिलिमीटरला चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. इथे त्या लाखावर जाऊ शकतात आणि प्लीहा सुजते. एडिंबरोच्या कारागिराला बहुधा हाच प्रकार झाला असावा. लिंफॉइड असेल तर लहान, प्रौढ दिसणाऱ्या पण नीट काम न करणाऱ्या लिंफोसाइट साचतात. हा मुख्यतः उतारवयातला आजार, आणि काहींना वर्षानुवर्षे उपचारही लागत नाहीत. तीव्र लिंफॉइड मात्र प्रामुख्याने लहान मुलांत, तर तीव्र मायलॉइड जास्त करून मोठ्यांत आढळतो.

हे चार कप्पे म्हणजे पक्क्या भिंती नव्हेत. दीर्घकालीन मायलॉइड आजार उपचारांशिवाय काही वर्षांनी अचानक ब्लास्टने भरून तीव्र होतो. अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांशांत ते ब्लास्ट लिंफॉइड घराण्याचे असतात! याचा अर्थ, बिघाड दोन्ही घराण्यांच्या सामाईक पूर्वज पेशीत असतो. तो बिघाडही सापडला. १९६० मध्ये फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याचे दाखवले. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब २००१ मध्ये वापरात आले आणि बहुतेक रुग्ण रोजच्या गोळीवर दीर्घकाळ जगू लागले.

म्हणूनच आपण ‘दीर्घकालीन’ म्हणजे सौम्य आणि ‘तीव्र’ म्हणजे असाध्य असे समजू नये. पूर्वी आठवड्यांत किंवा महिन्यांत मुलांचा बळी घेणारा तीव्र लिंफॉइड प्रकार आज योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक मुलांत पूर्ण बरा होतो. ही नावे आजाराची चाल सांगतात. शेवट सांगत नाहीत.