परदेशी नोकरीच्या पहिल्या वर्षातील निवासी दर्जा (भारतीय प्राप्तिकर)

परदेशी नोकरीच्या पहिल्या वर्षातील निवासी दर्जा म्हणजे भारतीय नागरिक ज्या आर्थिक वर्षात नोकरीसाठी देश सोडतो, त्या वर्षापुरते प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने त्याचे निवासी किंवा अनिवासी असणे. हा दर्जा नागरिकत्वावर अथवा परदेशी व्हिसावर अवलंबून नसतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात ती व्यक्ती भारतात किती दिवस होती, यावर तो ठरतो. निवासी व्यक्तीला जगभरातील उत्पन्नावर भारतात कर भरावा लागतो. अनिवासी व्यक्तीला मात्र भारतात मिळालेल्या किंवा भारतात उद्भवलेल्या उत्पन्नावरच कर लागतो.

== कायदेशीर तरतूद ==

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ६ मध्ये निवासाच्या दोन मुख्य कसोट्या दिलेल्या आहेत. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. त्या वर्षी ६० किंवा अधिक दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्तीही निवासी ठरते.

जन्मापासून भारतात राहिलेला मनुष्य दुसरी कसोटी सहज पूर्ण करतो. तीच लागू राहिली, तर जूनमध्ये परदेशी गेलेला कर्मचारीही निवासीच गणला गेला असता. म्हणून परदेशातील नोकरीसाठी भारत सोडणाऱ्या नागरिकाला, देश सोडण्याच्या वर्षापुरती, ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते. परिणामी त्याच्यासाठी १८२ दिवसांची एकच कसोटी उरते.

ही सवलत जाण्याच्या हेतूशी बांधलेली आहे. नियुक्तिपत्र व नोकरीचा व्हिसा घेऊन गेलेल्या व्यक्तीला ती मिळते. पर्यटक व्हिसावर नोकरी शोधण्यासाठी गेलेल्या व्यक्तीला हा हेतू सिद्ध करणे अवघड जाते. त्यामुळे नियुक्तिपत्र, व्हिसा आणि पारपत्रावरील प्रस्थानाच्या शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवाव्या लागतात.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होत असला, तरी दिवसांची ही मूळ पद्धत त्यातही कायम आहे.

== दिवसांची मोजणी ==

१ एप्रिलपासून ऑगस्टअखेर १५३ दिवस होतात. प्रस्थानाचा दिवस भारतातील दिवस धरल्यास २८ सप्टेंबरला देश सोडणाऱ्याचे १८१ दिवस भरतात आणि २९ सप्टेंबरला सोडणाऱ्याचे १८२. म्हणजे एका दिवसाने दर्जा बदलतो. येण्या-जाण्याचा दिवस धरावा की नाही, याविषयी न्यायाधिकरणांचे निर्णय एकसारखे नाहीत. म्हणून दोन्ही दिवस मोजणे सुरक्षित ठरते.

मोजणी सलग असावी लागत नाही. परदेशी गेल्यानंतर त्याच आर्थिक वर्षात सुट्टीवर आल्याचे दिवसही आधीच्या दिवसांत मिळवले जातात. चुका बहुधा येथेच होतात, कारण देश सोडताना केलेली मोजणी पुढच्या सुट्टीपर्यंत विसरली जाते.

== उदाहरण ==

पुण्यातील एक अभियंता १० सप्टेंबर २०२४ रोजी दुबईतील नोकरीसाठी निघाला, असे मानू. तोपर्यंत त्याचे भारतात १६३ दिवस झाले. त्याचा भारतातील पगार ५,७५,००० रुपये, तर मार्चअखेरपर्यंतचा दुबईतील पगार सुमारे २२,००,००० रुपयांइतका आहे.

तो वर्षभर परत आला नाही, तर अनिवासी ठरतो. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतल्यावर त्याचे करपात्र उत्पन्न ५,००,००० रुपये उरते. त्यावर उपकरासह १०,४०० रुपये कर होतो. कलम ८७अ ची कर-सूट केवळ निवासींना असल्याने ती त्याला मिळत नाही.

आता तो घरच्या लग्नासाठी ५ जानेवारी २०२५ रोजी आला आणि २४ जानेवारीला परतला, असे धरू. या २० दिवसांनी एकूण मोजणी १८३ होते आणि तो निवासी ठरतो. इतकी वर्षे भारतातच राहिल्याने तो ‘सामान्यतः निवासी’ही असतो. त्यामुळे दुबईचा पगारही करपात्र होऊन करपात्र उत्पन्न २७,००,००० रुपये आणि कर ५,२०,००० रुपये होतो. आगाऊ कर भरलेला नसल्यास त्यावर व्याज वेगळे लागते. तो २२ जानेवारीला परतला असता, तर मोजणी १८१ वर थांबली असती.

संयुक्त अरब अमिरातींत पगारावर प्राप्तिकर नाही, म्हणून तेथे भरलेल्या कराचे श्रेय मिळण्याचा प्रश्नच येत नाही. भारताशी झालेल्या दुहेरी करआकारणी करारानुसार तेथील निवासी ठरण्यासाठी कॅलेंडर वर्षात १८३ दिवस तेथे राहावे लागते. सप्टेंबरमध्ये गेलेल्या व्यक्तीला २०२४ साठी ही अट पूर्ण करता येत नाही. हाच अभियंता जर्मनीला गेला असता, तर तेथे कापलेल्या कराचे श्रेय ‘फॉर्म ६७’ भरून भारतात घेता आले असते आणि भार बराच हलका झाला असता.

== विवरणपत्र ==

भारतात दर्जा संपूर्ण आर्थिक वर्षासाठी एकच असतो. ब्रिटनप्रमाणे वर्षाचे निवासी व अनिवासी असे दोन भाग पाडण्याची सोय भारतीय कायद्यात नाही. म्हणून अनिवासी ठरलेल्या व्यक्तीने एप्रिल ते सप्टेंबरच्या भारतीय पगाराचे विवरणपत्रही अनिवासी म्हणूनच भरायचे असते. आयटीआर-१ केवळ सामान्यतः निवासींसाठी असल्याने पगारदार अनिवासीला आयटीआर-२ भरावे लागते. सवयीने आयटीआर-१ भरल्यास दर्जा निवासी नोंदला जातो आणि परदेशी उत्पन्न का दाखवले नाही, असा प्रश्न पुढे उद्भवू शकतो.

निवासी ठरलेल्या व्यक्तीला त्याच विवरणपत्रात परदेशी उत्पन्नाबरोबर परदेशी बँक खाती व मालमत्ताही दाखवाव्या लागतात. ती न दाखवल्यास काळा पैसा विरोधी अधिनियम, २०१५ अन्वये दंड होऊ शकतो.

== पगार जमा होण्याचे ठिकाण ==

अनिवासी व्यक्तीचे भारतात प्रथम मिळालेले उत्पन्नही करपात्र असते. परदेशी मालकाने पगार थेट भारतातील खात्यात जमा केल्यास तो भारतात मिळाला, असा वाद उभा राहू शकतो. परदेशी जहाजांवरील अनिवासी खलाशांच्या एनआरई खात्यातील पगाराबाबत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्ये सूट देणारे परिपत्रक काढले, परंतु ते खलाशांपुरते आहे. इतरांनी पगार आधी परदेशातील खात्यात घेऊन नंतर घरी पाठवल्यास हा वाद टळतो.

== इतर कायद्यांशी फरक ==

परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात (फेमा) नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती प्रस्थानापासूनच भारताबाहेरील निवासी मानली जाते आणि तिला नेहमीचे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने अनिवासी असलेली व्यक्ती त्याच वर्षी प्राप्तिकरासाठी निवासी असू शकते. एनआरओ खाते हा प्राप्तिकरातील अनिवासी दर्जाचा पुरावा ठरत नाही.

ज्यांचे परदेशी स्रोतांखेरीजचे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे आणि ज्यांच्यावर दुसऱ्या कोणत्याही देशात निवासाच्या कारणाने कर लागत नाही, असे भारतीय नागरिक २०२० च्या दुरुस्तीनुसार निवासी मानले जातात. मात्र अशा व्यक्तीचा दर्जा ‘सामान्यतः निवासी नाही’ असा असतो, त्यामुळे परदेशात केलेल्या व परदेशातच मिळालेल्या नोकरीचा पगार करातून बाहेर राहतो.