सोनपेठच्या सोयाबीनचा मुदतीचा भाव: एका सूत्रावरचे भाष्य

सूत्र असे आहे:

F = S(1 + rT) + U − Y

S म्हणजे आजचा हाजिर भाव, r व्याजाचा वार्षिक दर, T वर्षात मोजलेली मुदत, U साठवणीचा खर्च आणि Y माल हाताशी असण्याचा लाभ. F हा आज ठरवून मुदतीअखेर माल द्यायचा भाव. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी सोनपेठमध्ये सौदा ठरला आणि माल फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे, असे धरून एकेक पद पाहू. पुढच्या उदाहरणातले भाव आणि खर्च हिशेबासाठी मानलेले आहेत.

S. माल जिथे द्यायचा, हाजिर भावही त्याच जागेचा धरावा. माल सोनपेठात द्यायचा असेल तर लातूरचा भाव जसाच्या तसा घेऊन चालत नाही, त्यातून वाहतूक वजा करावी लागते. भावाबरोबर ओलावाही लिहावा. आपण 12 टक्के ओलाव्याच्या मालाला क्विंटलमागे 4,500 रुपये धरू.

S(1 + rT). माल घेऊन ठेवणाऱ्याचे पैसे चार महिने अडकतात. व्यापाऱ्याला 10 टक्क्यांनी पैसा मिळत असेल, तर व्याज 150 रुपये होते. शेतकऱ्याचा r मात्र वेगळा निघू शकतो. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने, 180 दिवसांसाठी मिळते. उरलेल्या 25 टक्क्यांवर त्याला एरवी 12 टक्के द्यावे लागत असतील, तर सरासरी दर साडेसात टक्के पडतो आणि व्याज 112.50 रुपये. एकाच दिवशी, एकाच मालावर दोघांचे व्याज वेगळे. म्हणून F हा सगळ्यांसाठी एकच आकडा नसतो. r कोणाचा, हे आधी विचारावे.

U. गोदामाचे भाडे महिन्याला 10 रुपयांप्रमाणे 40, हमाली, बारदाना आणि विमा मिळून 20. व्यापाऱ्याची बेरीज 4,500 + 150 + 60 म्हणजे 4,710. पुष्कळदा हिशेब इथेच थांबतो, आणि नेमके इथेच नुकसान होते.

कारण माल वाळतो. 12 टक्के ओलाव्याच्या 100 किलो सोयाबीनमध्ये कोरडा अंश 88 किलो असतो. ओलावा 10 टक्क्यांवर आला की हेच 88 किलो एकूण वजनाच्या 90 टक्के होतात, म्हणजे वजन 97.78 किलो उरते. सौद्यात 10 टक्के ओलाव्याचा पुरा क्विंटल द्यायचा असेल, तर 4,710 ला 90/88 ने गुणावे. उत्तर 4,817. व्याजानंतरचा सर्वांत मोठा खर्च हा वजनघटीचा, क्विंटलमागे 107 रुपये, आणि त्याचे बिल कोणी देत नाही. तो वजनकाट्यावरच कळतो.

तारण योजनेत माल ठेवणाऱ्याला साठवण आणि देखरेख बाजार समितीकडून विनामूल्य मिळते. त्याचा हमाली-बारदान्याचा खर्च 20 रुपये धरला, तर 4,632.50 ला 90/88 ने गुणून 4,738 येतात. कोणी फेब्रुवारीसाठी 4,780 देऊ केले, तर व्यापाऱ्याला ते तोट्याचे आहेत आणि तारण ठेवू शकणाऱ्या शेतकऱ्याला फायद्याचे.

= हे चिन्ह. बरोबरी टिकते ती सौद्यातल्या फायद्यामुळे. मुदतीचा भाव 4,950 झाला, तर व्यापारी कर्जाने माल घेईल, साठवेल, मुदतीला विकेल आणि 133 रुपये मिळवेल. असे बरेच जण करू लागले की फरक मिटतो. उलट बाजूला हा जोर नाही. भाव 4,600 असला, तर आज माल विकून मुदतीला परत घेण्याचा फायदा फक्त ज्याच्या गोदामात माल आहे तोच घेऊ शकतो, कारण सोयाबीन उसने घेऊन विकण्याचा बाजार सोनपेठात नाही. म्हणून वरची मर्यादा पक्की आणि खालची सैल.

त्यात डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे व्यवहार थांबवले आणि ही बंदी पुढे वाढवत नेली. वायद्याचा जाहीर भाव समोर नसेल तेव्हा हा हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

− Y. तेल गिरणीला ऑगस्टमध्ये माल संपून यंत्रे बंद पडण्याची भीती असते. हाताशी माल असण्याला तेव्हा खरी किंमत येते आणि Y वाढतो. नोव्हेंबरमध्ये आवक भरपूर, म्हणून वर तो शून्य धरला.

इथेच सूत्राची हद्दही दिसते. ऑगस्टमधला महाग माल नव्या हंगामापर्यंत साठवून कोणी ठेवत नाही, आणि ऑक्टोबरचे पीक मागे ऑगस्टमध्ये आणता येत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये नोव्हेंबरचा भाव हाजिर भावापेक्षा खाली असू शकतो, आणि व्याज-भाड्याच्या बेरजेतून तो निघत नाही. हे सूत्र एका पिकाच्या साठ्यापुरतेच वापरावे. सौदा लिहिताना मात्र भावाशेजारी ओलाव्याची टक्केवारी, वजन कोणत्या काट्यावर होणार ते आणि माल द्यायची जागा, ही तिन्ही कागदावर घालून घ्यावीत.