रंगाऱ्याच्या कढईतून बादलीत

नवी साडी पहिल्यांदा धुताना मिठाच्या पाण्यात बुडवायची, रेशमाला शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, लोखंडाच्या डागावर लिंबू पिळून उन्हात ठेवायचं, पिवळट पडलेल्या कपड्यांना खायचा सोडा लावायचा. हे उपाय आजीबाईच्या बटव्यातले मानले जातात, पण त्यांचा जन्म स्वयंपाकघरात झालेला नाही. ते रंगारी आणि परीट यांच्या धंद्यातले टप्पे आहेत. तिथे प्रत्येक टप्पा एका विशिष्ट धाग्यासाठी आणि एका विशिष्ट रंगासाठी होता, त्याच्या आधी काहीतरी केलेलं असे आणि नंतर काहीतरी करायचं असे. घरी पोहोचला तो फक्त पदार्थ. आधीचं आणि नंतरचं धंद्यातच राहिलं, आणि मधल्या काळात कापडावरचे रंगही बदलले. म्हणून एकाच मिठाने एका घरी गुण येतो आणि दुसऱ्या घरी नुकसान होतं.

लिंबू आणि खार यांची जोडी जुनी आहे आणि ती कुसुंब्याच्या रंगात सगळ्यात स्पष्ट दिसते. करडईच्या पाकळ्यांत दोन रंगद्रव्यं असतात. पिवळं पाण्यात विरघळतं, तांबडं विरघळत नाही. रंगारी पाकळ्या आधी साध्या पाण्यात पुनःपुन्हा तुडवून पिवळं काढून टाकत. मग त्यात सज्जीखार घालत. खारामुळे तांबडं द्रव्य पाण्यात उतरे. त्या पाण्यात कापड टाकून लिंबाचा रस घातला, की खार मारला जाई, तांबडं द्रव्य पुन्हा न विरघळण्याच्या अवस्थेत येई आणि धाग्यावर बसे. लुगड्यांचा आणि पागोट्यांचा गुलाबी-कुसुंबी रंग असा चढे. लिंबू इथे रंगाला सोबत करणारं नव्हतं, रंग बसवणारं तेच होतं. उलट तोच रंग खाराच्या पाण्यात किंवा साबणात पडला की परत सुटे, आणि उन्हात तर लवकरच विटे. म्हणून कुसुंबी कापड जपायचं तर साबण टाळायचा आणि आंबट पाण्यात खळबळायचं, हा सल्ला अगदी बरोबर होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यातले कृत्रिम रंग आले आणि कुसुंबा मागे पडला. रंग गेला, पण ‘आंबट पाण्याने रंग टिकतो’ हा सल्ला मागे उरला, आणि तो ज्या कापडासाठी होता ते कापडच आता घरात नाही.

मिठाची कथा याहून अलीकडची आहे. कापसाला रंग चढवणं पूर्वी अवघड होतं. मंजिष्ठेच्या तांबड्यासाठी आधी तुरटी लावावी लागे, निळीसाठी पिंपात वेगळीच आंबवण्याची क्रिया करावी लागे. 1884 मध्ये जर्मनीत पाउल ब्योटिगर याने काँगो रेड तयार केला. तुरटीवाचून थेट कापसावर चढणारा हा पहिला कृत्रिम रंग होता. अशा रंगांच्या कढईत मीठ घालतात आणि त्यामागचं कारण सोपं आहे. पाण्यात भिजलेल्या सुती धाग्यावर किंचित ऋण विद्युतभार असतो आणि या रंगांच्या कणांवरही ऋण भार असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर ढकलतात. मिठातले सोडियमचे धन कण मध्ये आले की ते ढकलणं मंदावतं आणि रंग पाणी सोडून धाग्याकडे सरकतो. म्हणजे मीठ रंगाला धाग्यापर्यंत नेतं, तिथे बांधून ठेवत नाही. मीठ धुतलं गेलं की रंग सैल तो सैलच. याच काँगो रेडवर व्हिनेगर किंवा लिंबू पडलं तर तो निळा पडतो, इतका तो आम्लाला हळवा आहे. प्रयोगशाळेत आम्ल ओळखण्यासाठी तो वापरतातही. एकाच तांबड्या सुती कापडावर मीठ निरुपद्रवी आणि लिंबू घातक, असं हे उदाहरण आहे.

आज चांगल्या सुती साड्यांवर आणि कुर्त्यांवर बहुधा तिसऱ्या पिढीचे रंग असतात. 1956 साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने प्रोसिऑन या नावाने ते बाजारात आणले. ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. या रंगांनाही मीठ लागतं, पण किती, ते पाहण्यासारखं आहे. गडद छटेसाठी रंगशाळेत दर लिटरमागे साठ-सत्तर ग्रॅम मीठ घालतात, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीला साधारण किलोभर. घरी आपण मूठभर, फार तर पन्नास ग्रॅम टाकतो. ते लिटरला तीन ग्रॅमच्या आसपास भरतं. पण प्रमाण हा खरा मुद्दा नव्हे. रंगशाळेत मिठानंतर धुण्याचा सोडा घालतात. त्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात रंग धाग्याशी बांधला जातो. रंगाचा काही भाग मात्र धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जाऊन निकामी होतो आणि कापडात नुसता अडकून राहतो. तो सैल रंग काढण्यासाठी कापड साबणाच्या उकळत्या पाण्यात धुतात, आणि त्याआधी त्यातलं मीठ साध्या पाण्याने काळजीपूर्वक घालवतात. कारण मीठ राहिलं तर सैल रंग धाग्याला चिकटून बसतो आणि निघत नाही. रंगशाळा जे मीठ एवढ्या कष्टाने बाहेर काढते, तेच आपण घरी पुन्हा आत घालतो. जिथे घाईने धुतलेल्या कापडात सैल रंग राहिलेला असतो, तिथे मिठाने तो दडून बसतो आणि पुढच्या साबणाच्या धुण्यात शेजारच्या पांढऱ्या कपड्यावर उतरतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मिठाच्या पाण्यात घातल्यावर पाणी स्वच्छ राहिलं, म्हणजे रंग पक्का झाला. पण पाणी स्वच्छ राहण्याचं कारण वर आलंच आहे. मीठ रंगाला तेवढ्यापुरतं धाग्याजवळ धरून ठेवतं. शहानिशा करायची तर साडीच्या ब्लाउजपीसच्या कडेच्या दोन सारख्या पट्ट्या काढाव्यात. एक मिठाच्या पाण्यात तासभर ठेवावी, दुसरी साध्या पाण्यात. मग दोन्ही साध्या पाण्याने खळबळून साबणाच्या कोमट पाण्यात वेगवेगळ्या धुवाव्यात आणि ओल्या असतानाच दोन वेगळ्या पांढऱ्या सुती फडक्यांवर घासाव्यात. मिठाने रंग खरोखर बांधला असेल, तर मिठातल्या पट्टीने फडकं कमी रंगवलं पाहिजे. दोन्ही फडकी सारखीच रंगली, तर मीठ कुचकामी ठरलं. पक्क्या रासायनिक रंगाच्या सुती कापडाचा सैल रंग मिठाशिवाय गरम साबणाच्या पाण्याच्या दोन-तीन धुण्यांत निघून जातो. मात्र ते कापड वेगळं धुवायला हवं, आणि रेशमाला हा गरम पाण्याचा उपाय लावायचा नाही.

व्हिनेगरचं खरं घर रेशीम आणि लोकर हेच आहे. हे दोन्ही धागे प्रथिनांचे. आम्लाच्या पाण्यात त्यांच्यावर धन भार येतो, आणि आम्ल रंग या नावाने ओळखले जाणारे ऋण भाराचे रंग तिथे बसतात. त्यासाठी पाणी तापवावं लागतं, म्हणून घरच्या थंड पाण्यातल्या व्हिनेगरने नवा रंग पक्का होत नाही. पण साबणाचा खार धाग्यात राहून गेला असेल, तर तो मारायला अर्धी बादली पाण्यात एक-दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर उपयोगी पडतं आणि रेशमाची चमक सावरते. कारखान्यात तर रेशीम सौम्य आम्लात बुडवून त्याला तो सळसळणारा, कुरकुरीत स्पर्श मुद्दाम देतात. कापसाच्या धाग्यावर असा धन भार येत नाही. त्यामुळे सुती कापडाचा रंग बांधण्याच्या कामी व्हिनेगर येत नाही.

मग कोणी विचारेल, युरोपात तर तागाचं कापड शतकानुशतकं आंबट ताकात भिजवून पांढरं करत, आणि तागही वनस्पतीचाच धागा. बरोबर आहे. हॉलंड आणि स्कॉटलंडच्या कुरणांवर कापड राखेच्या खारात उकळून, मग ताकात भिजवून, गवतावर उन्हात पसरून महिनोन्महिने पांढरं करत. एडिंबराच्या फ्रान्सिस होम याने 1756 मध्ये ताकाऐवजी सौम्य गंधकाम्ल सुचवलं, आणि आठवड्यांचं ते भिजवणं तासांवर आलं. पण आम्लानंतर भरपूर धुणं हा या कामाचा अटळ भाग होता, कारण राहिलेलं आम्ल कापड कुजवतं हे परीट जाणून होते. कापूस आणि ताग यांचे लांब रेणू आम्लाने मध्येच तुटतात. व्हिनेगर इथे कमी धोक्याचं, कारण त्यातलं आम्ल वाळताना उडून जातं. लिंबाचं आम्ल उडत नाही. पाणी आटलं की ते धाग्यात घट्ट होत जातं, आणि वर इस्त्री फिरली की त्या जागचं कापड कमजोर पडतं. गंजाचा डाग लिंबाने जातो हे खरं आहे. लिंबाचं आम्ल लोखंडाला पाण्यात विरघळणाऱ्या रूपात ओढून घेतं. पांढऱ्या सुती कापडावर तेवढ्याच जागी ते लावावं, डाग जाईपर्यंत ओलं ठेवावं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावं. रंगीत कापडावर मात्र ते डागाबरोबर रंगालाही हात घालतं.

खाराची बाजू याच्या उलट आहे. कापसाला खार सोसतो, रेशमाला आणि लोकरीला सोसत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराजवळचे खार काच आणि साबणासाठी घेतले जात, याचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे, आणि परटाचा सज्जीखारही त्याच जातीचा. खायचा सोडा हा त्या कुळातला सौम्य भाऊ. त्याच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा अकराच्या. पण खायच्या सोड्याचं पाणी तापवलं की त्यातून वायू निघून जातो आणि तो हळूहळू धुण्याच्या सोड्याकडेच सरकतो. म्हणून गरम पाण्यात सोडा घालून लोकरीची शाल भिजवू नये. ती पिवळी आणि खरखरीत होते. दोष धाग्यातच झालेला असल्याने मग तो व्हिनेगरनेही भरून येत नाही. हळदीचा डागही सोड्याने तांबडा होतो, ते हळदीतल्या द्रव्याचं खाराला दिलेलं उत्तर असतं. घाबरून लिंबू चोळलं की तो परत पिवळा दिसतो, पण गेलेला नसतो. पांढऱ्या सुती कापडावर त्याला ऊनच घालवतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याची रीत तर या साऱ्यात सगळ्यात निष्फळ. दोघं एकमेकांना मारतात, उरतं ते थोडं सोडियम ॲसिटेट आणि पाणी, आणि फेस कार्बन डायऑक्साइडचा. कुसुंब्याच्या कढईतही खार आणि आम्ल दोन्ही होते, पण आधी खाराने रंग पाण्यात उतरवला जाई आणि मग आम्लाने तो कापडावर बसवला जाई. तो क्रम काढून टाकला की दोघांचीही ताकद वाया जाते.

शेवटी जरीबद्दल. पैठणीच्या किंवा बनारसीच्या पदराला लिंबू-मीठ किंवा मीठ-व्हिनेगर लावू नये. तांब्याची भांडी आपण लिंबू-मिठानेच घासतो, कारण ते मिश्रण तांब्यावरचा काळा थर विरघळवतं. पुष्कळ जरींत चांदीच्या पातळ मुलाम्याखाली तांब्याचीच तार असते. मुलामा कुठे झिजला असेल तिथे आम्ल आणि मीठ तांब्याला गाठतात आणि काही दिवसांत जरीच्या घड्यांत हिरवट रेषा दिसू लागते. अशा साडीचा रंग जातोय अशी शंका आली, तर आधी आतल्या काठाचा कोपरा साध्या थंड पाण्याने ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. फडक्यावर रंग उतरला, तर ती साडी बादलीत घालूच नये. ती जाणत्या धुलाईवाल्याकडे कोरड्या धुलाईला द्यावी आणि जरीत कोणती तार आहे, हेही त्याला सांगावं.