बोरू एक, वाटा दोन

मलकापूर स्थानकातून बाहेर पडा आणि बाजाराच्या रस्त्याला लागा. शाळा सुटायची वेळ आहे. मराठी शाळेतला मुलगा वही उघडतो ती डावीकडून, आणि उर्दू शाळेतली मुलगी उघडते ती उजवीकडून. दोघं एकाच गल्लीत राहतात आणि एकाच टपरीवरून पेन घेतात. असं का, हे विचारायला तुम्हाला जवळजवळ अडीचशे वर्षं मागे जावं लागेल.

साल १७८०, महिना श्रावणाचा. रेल्वे नाही. नळगंगा गढूळ होऊन वाहते आहे. वऱ्हाडात दोअमली चालू आहे: मुलूख निजामाचा, पण वसुलात नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा. त्यामुळे एकाच परगण्यात दोन धन्यांची माणसं आणि दोन दफ्तरं. फारसी कागद लिहिणाऱ्याला फारसनीस म्हणतात. पुढे त्याचंच पारसनीस झालं आणि ते आडनाव आपल्याकडे आजही आहे.

तुम्ही कचेरीच्या पडवीत शिरता. सतरंजीवर दोघं शेजारी शेजारी बसले आहेत, एक मुनशी आणि एक मोडी लिहिणारा कारकून. दोघांनी उजवा गुडघा उभा केला आहे, ज्याची पाळी असेल तो कागद त्यावर टेकवतो. दोघंही उजव्या हाताने लिहितात. दोघांकडे बोरू आहे, दौतीत काजळीची शाई आहे आणि शाई टिपायला वाळू. कागदावर वरच्या भागात फारसी मजकूर यायचा आहे, खाली तोच मजकूर मोडीत.

आधी कारकुनाकडे बघा. तो अक्षराला हात घालतच नाही. डावीकडे समास सोडून तो उजव्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढतो आणि मग डावीकडे परत येऊन त्या रेघेला अक्षरं टांगत जातो. दोन शब्दांत जागा नाही. बोरू उचलायचा तो शाई संपली की. ‘परगणे मलकापूर’ लिहिताना ‘मलका’पाशी कड येते. तो थबकत नाही, ‘पूर’ पुढच्या ओळीत जातं. मोडीत शब्द कुठेही तुटला तरी चालतो.

आता मुनशीकडे बघा. त्याचा समास उजवीकडे आहे. ओढलेली रेघ नाही, ओळ नजरेने धरलेली. सुरुवातीला अक्षरं ऐसपैस, लांब ताण देऊन लिहिलेली. डावी कड जवळ आली की ओळ वर चढू लागते. ‘मलकापूर’ त्याच्याही ओळीच्या शेवटी आलं आहे, पण त्याच्या लिपीत शब्द तोडायची रीत नाही. तो काय करतो? उरलेली अक्षरं आधीच्या अक्षरांच्या डोक्यावर चढवतो. डावीकडे शब्दांची उतरंड रचली जाते.

ही दाटी लक्षात ठेवा. लिहिणाऱ्याची जागा जिथे संपते तिथे तो कुठून कुठे निघाला होता हे कळतं. सिंधू संस्कृतीची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, तरी ती बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे लिहिली जात असे हे अभ्यासकांनी ठरवलं. काही मुद्रांच्या ठशांवर चिन्हं डाव्या टोकाला दाटलेली दिसतात, हा त्यातला एक पुरावा. दुसरा पुरावा राजस्थानातल्या कालीबंगाच्या खापरांवर मिळाला. तिथे एका चिन्हाचा ओरखडा दुसऱ्यावरून गेला आहे. वरचा ओरखडा नंतरचा, एवढं कळलं की हाताची दिशा कळते. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी ते दाखवून दिलं.

दिशा कळली, पण कारण? तुम्ही ऐकलं असेल की उजव्या हाताने लिहिताना शाई फासू नये म्हणून लिपी डावीकडून उजवीकडे गेली, किंवा छिन्नी-हातोडीमुळे ती उजवीकडून डावीकडे गेली. या पडवीत ते तपासून बघा. हात उजवाच, बोरू तोच, शाई तीच, कागद एकच. तरी दोघं विरुद्ध दिशांना चालले आहेत. हाताने दिशा ठरत असती तर हे दोघं एकाच बाजूला गेले असते. आणि मुनशीचा पंजा कागदावर घासतही नाही, कारण कागद गुडघ्यावर आहे आणि हात अधांतरी.

कारण वारशात आहे. फारसीने लिपी घेतली अरबीकडून, अरबीची परंपरा नबाती लिपीतून आरामाईकपर्यंत जाते, आणि आरामाईक उजवीकडून डावीकडे चालत असे. मोडी नागरीच्या घराण्यातली, आणि ते घराणं ब्राह्मीचं. ज्याने शिकवलं त्याची दिशा शिकणाऱ्याने उचलली, एवढीच ती गोष्ट.

वारसाही अगदी पहिल्या दिवसापासून पक्का नव्हता. त्यासाठी अशोकाच्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात जा. आंध्रातल्या येर्रगुडीच्या खडकावर ब्राह्मी कोरलेली आहे, आणि तिथल्या एका लेखात बऱ्याच ओळी उलट्या जातात. एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून, बैल तासाच्या टोकाला वळतो तशी. कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला चपड नावाच्या लेखकाने सगळा लेख ब्राह्मीत लिहिला आणि शेवटी ‘लेखकाने’ या अर्थाचा शब्द मात्र खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे लिहिला. खरोष्ठी वायव्येकडची, आरामाईकच्या वळणाची लिपी. त्या माणसाला दोन्ही दिशा येत होत्या. ग्रीकांनीही लिपी उचलली ती उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या फिनिशियनांकडून. मग काही काळ त्यांच्या ओळी बैलासारख्या वळत राहिल्या आणि शेवटी डावीकडून उजवीकडे स्थिरावल्या.

साधनाचा हात अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही. चीनमध्ये बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर लिहीत, आणि एवढ्याशा पट्टीवर अक्षराखाली अक्षर मांडणंच सोयीचं. पट्ट्या गेल्या, कागद आला, तरी उभ्या ओळी दीड हजार वर्षांहून जास्त टिकल्या. पीपल्स डेली हे वृत्तपत्र आडवं झालं ते १९५६ साली.

पुन्हा पडवीत या, कारण खरी गंमत तारखेत आहे. मुनशी ‘सनह’ हा शब्द लांब ताणून लिहितो आणि त्या ताणावर हिजरी साल बसवतो: ११९४. सगळा मजकूर डावीकडे धावत असताना या चार आकड्यांत हजार डावीकडे आणि एकं उजवीकडे आहेत, अगदी आपल्यासारखे. आकडे भारतातून अरबांकडे गेले तेव्हा त्यांची मांडणी तशीच राहिली.

खाली कारकून शुहूर सन लिहितो, अंकांत नाही, शब्दांत: ‘इहिदे समानीन मया व अलफ’. म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण ११८१. हे शब्द अरबी आणि क्रमही अरबी, लहानाकडून मोठ्याकडे. मराठी कारकून डावीकडून उजवीकडे जाताना साल मात्र एकंपासून सांगतो. वर फारसीत आकड्यांची मांडणी आपली, खाली मोडीत सालाचे शब्द त्यांचे, आणि दोन्ही लिहिणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मुनशी वाळू भुरभुरवतो, कागद झटकतो. तुम्ही पुन्हा बाजाराच्या रस्त्यावर आहात.

तुमच्या घरात, माळ्यावर किंवा पेटीत जुन्या कागदांचा रुमाल असेल तर तो रद्दीत देऊ नका. अक्षर वाचता येत नसलं तरी एवढं करा: सरळ आडव्या रेघेला अक्षरं टांगलेली असतील तर रेघ वर ठेवून कागद धरा, ती मोडी आहे. रेघ नसेल आणि ओळी डाव्या टोकाला वर चढून दाटल्या असतील तर ती फारसी. मग तारखेची जागा शोधा आणि तो कागद वाचणाऱ्या माणसाकडे न्या.