जाऊन येतो

अणदूरचा खंडोबा दरवर्षी नळदुर्गला जाऊन येतो. दोन शेजारगावं, मूर्ती एकच. साधारण दहा महिने ती अणदूरला असते, उरलेले दिवस नळदुर्गला. हे सांगताना क्रियापदं दोन लागतात, पण मनात गोष्ट एकच असते: फेरी.

एकाच कर्त्याची अनेक क्रियापदं ओळीने येऊन एकच घटना सांगणं, याबद्दल भाषाशास्त्रात बरंच लिहिलं गेलंय. पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांत अशी क्रियापदं कुठल्याही जोडाशिवाय उभी राहतात. मराठीत मध्ये '-ऊन' असतो, म्हणून काटेकोर मंडळी आपल्याला त्या यादीत घेत नाहीत. काम मात्र पुष्कळदा तेच.

घटना एक की दोन, हे ओळखायला 'नाही' लावून बघा. 'तो नळदुर्गला जाऊन आला नाही' म्हणजे फेरीच झाली नाही. 'जाऊन परत आला नाही' म्हटलं की तो गेला, येणं तेवढं राहिलं. एका 'परत'ने जोडी फुटली! तसंच 'पत्र लिहून टाकलं' यात कोणी काही फेकत नाही, काम उरकलं एवढंच. पण 'पत्र लिहून पेटीत टाकलं' म्हणताच 'टाकणं' खरंखुरं होतं आणि घटना दोन होतात.

आता इतिहास. हा '-ऊन' महाराष्ट्री प्राकृतातल्या '-ऊण'शी जोडला जातो. हिंदीकडेही असा प्रत्यय होता, शेवटी नुसता '-इ' उरला आणि तोही झिजून गेला. म्हणून हिंदीत 'लिख डाला', अगदी उघडी जोडी. आपण जोड राखला. शेजारच्या कन्नडनेही राखला: 'बरेदु बिट्ट', शब्दशः 'लिहून सोडलं', अर्थ 'लिहून टाकलं'.

मग हे वळण आपण कन्नडकडून उचललं का? अणदूरच्या पट्ट्यात, जो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, मराठी, कन्नड आणि दख्खनी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण 'गत्वा' म्हणून पुढचं क्रियापद जोडायची सोय संस्कृतातही होती. १९५६ साली एमेनो यांनी भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे असं मांडलं, त्यात अशा रचनाही पुराव्यादाखल होत्या. कुळं वेगळी, पण एकत्र राहून वळणं सारखी झालेली. कोणी कोणाला दिलं याचा हिशेब प्रत्येक वेळी लागतोच असं नाही. प्रत्यय आपला घरचा, एवढं मात्र म्हणता येतं.

निरोप घेताना नुसतं 'जातो' म्हटलं की घरातली मोठी माणसं अजून दटावतात, 'येतो म्हण!' कन्नड घरातही 'होगि बरतेनि' म्हणतात, म्हणजे 'जाऊन येतो'. जाणं एकटं सोडायचं नाही, येण्याला बांधूनच बोलायचं, हे दोन्हीकडे सारखंच.