ठिगळलेखन आणि खरा भावानुवाद

ठिगळलेखन : मूळ मजकुराची वाक्यरचना तशीच ठेवून काही शब्द बदलणे किंवा गाळणे. त्यासाठी ‘पॅचरायटिंग’ ही इंग्रजी संज्ञा रूढ केली ती अमेरिकी अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी, १९९० च्या दशकात. शेवटी संदर्भ दिला, तरी हा दोष जात नाही. संदर्भ माहितीचे ऋण सांगतो, उचललेल्या वाक्याचे नाही.

नंदुरबार जिल्ह्यावरील निबंधाचे उदाहरण घेऊ. समजा मूळ वाक्य असे : ‘१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा अस्तित्वात आला.’ विद्यार्थी लिहितो : ‘१ जुलै १९९८ या दिवशी धुळे जिल्ह्याची विभागणी होऊन नंदुरबार हा बहुसंख्य आदिवासींचा जिल्हा उदयास आला.’ तारीख, विभाजन, वर्णन, क्रियापद हा क्रम जसाच्या तसा आहे, हे ठिगळलेखन. भावानुवाद असा होईल : ‘नंदुरबारची आदिवासी वस्ती १९९८ च्या मध्यापर्यंत धुळे जिल्ह्यात मोडत होती, त्यानंतर तिला स्वतंत्र जिल्हा मिळाला.’ येथे वाक्य वस्तीभोवती नव्याने बांधले आहे. संदर्भ मात्र येथेही द्यावाच लागतो.

तारखा व स्थलनामे जुळली म्हणून दोष धरू नये. ती बदलताच येत नाहीत. एकटे माहितीपर वाक्यही मोजक्याच प्रकारे लिहिता येते. म्हणून निबंधातला परिच्छेद मूळ परिच्छेदाशेजारी ठेवून मुद्द्यांचा क्रम ताडावा. सलग तीन-चार वाक्ये त्याच क्रमाने चालली, तर शंका पक्की होते. शब्दसाम्य मोजणारी संगणकप्रणाली समानार्थी शब्द घातलेली वाक्ये अनेकदा सोडून देते, त्यामुळे कमी टक्केवारी हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. शंका आल्यास विद्यार्थ्याला मूळ पान मिटून तोच मुद्दा तोंडी सांगायला लावावे. सांगता आला, तर चूक लेखनाची. न आला, तर मुळात मजकूरच समजलेला नाही.